लिएन लागलेले पैसे गेले का, आणि ते सोडवायचे कसे

प्रश्न: माझ्या सेव्हिंग खात्यात 43,615 रुपये दिसतायत पण वापरता येतायत फक्त 36,415, ऍपमध्ये लिएन 7,200 असं लिहून येतंय. मी घरून साड्या विकते, पैसे क्यूआरवर घेते, माझ्या नावावर कुठलंच लोन नाही. ब्रँचमध्ये गेले तर म्हणाले सायबरचं आहे, आमच्या हातात काही नाही. माझे पैसे गेले का? बाकीचे वापरले तर चालतील का? आणि नेमकं कुणाला भेटायचं?

उत्तर:

ताई, पहिलं म्हणजे पैसे गेलेले नाहीत. ते 7,200 आजही तुमच्याच खात्यात, तुमच्याच नावावर पडून आहेत, फक्त त्यांच्यावर खूण करून ठेवलीय की पुढचा आदेश येईपर्यंत हे हलवायचे नाहीत. याला कुणी लिएन म्हणतं, काउंटरवर बरेच जण नुसतं होल्ड म्हणतात, गोष्ट एकच. बँकेच्या सिस्टीममध्ये दोन बॅलन्स असतात, एक खात्यात प्रत्यक्ष असलेला आणि दुसरा वापरायला मोकळा. पहिल्यातून लिएन वजा केला की दुसरा येतो, म्हणून 43,615 वजा 7,200 बरोबर 36,415. त्या अडकलेल्या रकमेवर सेव्हिंगचं व्याजसुद्धा चालू राहतं, कारण व्याज रोजच्या प्रत्यक्ष बॅलन्सवर मोजतात. पैसे खरंच कापले गेले असते तर पासबुकात डेबिटची एंट्री आली असती. ती नाहीये, हे एकदा स्टेटमेंट काढून स्वतः बघून घ्या म्हणजे जीव शांत होईल.

बाकीचे 36,415 बिनधास्त वापरा, ते तुमचेच आहेत आणि त्यांना कुणी हात लावलेला नाही. फक्त एक प्रश्न बँकेला आजच विचारा, की माझ्या खात्याला फक्त लिएन आहे की डेबिट फ्रीझपण आहे. मी ब्रँच ऑपरेशन्समध्ये 26 वर्षं काढली, त्यातली शेवटची काही वर्षं हीच पत्रं हाताळण्यात गेली, आणि या दोन शब्दांच्या गोंधळात लोक सगळ्यात जास्त अडकताना बघितलेत. लिएन म्हणजे ठरावीक रक्कम बाजूला ठेवली, बाकी खातं चालू. डेबिट फ्रीझ म्हणजे खात्यात पैसे येतील पण एक रुपयाही बाहेर जाणार नाही, मग वादातली रक्कम 7,200 असो नाहीतर 700. टोटल फ्रीझ म्हणजे यायचंही बंद आणि जायचंही बंद. तुमचे 36,415 निघतायत म्हणजे आज तरी फक्त लिएन आहे, पण मागून पोलिसांचं पत्र आलं तर तो फ्रीझ होऊ शकतो, म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही.

लिएन लागायची कारणं तशी बरीच असतात. आयपीओला अर्ज केला की वाटप होईपर्यंत रक्कम ब्लॉक होते, लोनचा हप्ता थकला तर बँक स्वतः लावते, इन्कम टॅक्स किंवा जीएसटीवाल्यांची वसुलीची नोटीस येऊ शकते, कोर्टाची जप्ती असू शकते, कधीकधी बँकेचे स्वतःचेच चार्जेस तुंबलेले असतात. प्रत्येकाचा सुटायचा रस्ता वेगळा, त्यामुळे आधी कारण कळल्याशिवाय कुठेही धावायचं नाही. तुम्हाला ब्रँचनेच सायबर म्हणून सांगितलंय तर मी पुढे फक्त त्याच रस्त्याचं बोलतो.

हे झालं कसं ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्ज कसा लिहायचा तेही कळेल. समजा परराज्यात कुणाची तरी ऑनलाईन फसवणूक झाली, 1,20,000 गेले. त्या माणसाने 1930 ला फोन केला किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. ही यंत्रणा केंद्रीय गृहखात्याची आहे, 2021 पासून चालू आहे आणि तिला बँका जोडलेल्या आहेत. पैसे ज्या पहिल्या खात्यात गेले ते लेयर वन. तिथली बँक बघते की शिल्लक किती आहे, जेवढी असेल तेवढ्यावर लिएन लावते आणि उरलेले पुढे कुठल्या कुठल्या खात्यात गेले ते सिस्टीममध्ये भरते. मग ती खाती लेयर टू, तिथून पुढे लेयर थ्री, असं धाग्याला धागा लागत जातं. आता त्या चोराने, किंवा चोराकडून पैसे घेतलेल्या कुणीतरी, तुमच्याकडून दोन साड्या घेतल्या आणि 7,200 क्यूआरवर टाकले. तुमच्या दृष्टीने ते गिऱ्हाईक, सिस्टीमच्या दृष्टीने तुमचं खातं म्हणजे चोरीचे पैसे जिथे पोचले त्यातलं एक. कुठल्या माणसाने बसून तुमच्यावर संशय घेतलाय असं नाहीये, पैशाची वाट शोधता शोधता ती तुमच्या दारापर्यंत आलीय एवढंच. आणि हो, त्याच पैशातून तुम्ही तुमच्या सुरतच्या किंवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला पेमेंट केलं असेल तर त्याच्या खात्यालाही लिएन लागू शकतो, त्याचा फोन आला तर दचकू नका.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि जिच्यामुळे घरात हलकल्लोळ होतो. लिएनची रक्कम बॅलन्सपेक्षा जास्त असू शकते. तुमच्याकडे 43,615 होते म्हणून 7,200 बाजूला पडले आणि विषय तिथे थांबला, पण एखाद्याच्या खात्यात 3,000 च असतील आणि लिएन 7,200 चा लागला तर बऱ्याच बँकांच्या सिस्टीममध्ये वापरायचा बॅलन्स वजा 4,200 दिसतो. मग एक तारखेला 20,000 पगार आला की त्यातले 4,200 आपोआप त्या खड्ड्यात जातात आणि हातात 15,800 च येतात. लोकांना वाटतं बँकेने पगारातून पैसे कापले, ते भांडायला येतात, आणि खरं तर काहीच कापलेलं नसतं, पासबुकात पूर्ण 23,000 असतात, फक्त 7,200 ची जागा भरून घेतलेली असते. त्यामुळे तुम्ही आता 36,415 च्या 36,415 काढून खातं रिकामं केलंत आणि उद्या दुसरा लिएन लागला तर पुढची येणारी रक्कम त्यात जाईल. खातं रिकामं करून पळ काढण्यात तसाही अर्थ नाही, तपास करणाऱ्याला ते वेगळंच दिसतं. पण रोजची नवीन विक्री दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर घ्यायला काहीच हरकत नाही, आणि धंद्याची उलाढाल असेल तर तिथे करंट खातंच काढा. सेव्हिंग खात्यात दिवसाला वीस अनोळखी माणसांचे पैसे येताना दिसले की तपास करणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो की हे खातं भाड्याने दिलंय का.

हप्त्यांचं पण बघा. लाईट बिल, एलआयसी, भिशीचा चेक, मुलाच्या फीचा ऑटो डेबिट, हे सगळं मोकळ्या बॅलन्सवर पास होतं, पूर्ण बॅलन्सवर नाही. पासबुकात पैसे दिसतायत म्हणून चेक दिला आणि तो लिएनमुळे परत गेला तर मेमोवर अपुरी शिल्लक असंच लिहून येतं, चार्ज लागतो, आणि समोरचा माणूस चेक बाउन्सची नोटीस पाठवायला मोकळा होतो. म्हणून कुणाला आधी चेक दिले असतील तर ते आठवून मोकळ्या रकमेशी जुळवा.

आता मुख्य काम. ब्रँचचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, लिएन काढणं त्यांच्या हातात नाही, तो ज्याने लावायला सांगितलाय त्याच्या सांगण्यावरूनच निघतो. पण माहिती देणं पूर्णपणे त्यांच्या हातात आहे आणि ती घेतल्याशिवाय तुम्ही तिथून उठायचं नाही. साधा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्यात एवढं मागा: सायबर पोर्टलचा तक्रार क्रमांक, तो 14 आकडी असतो, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस स्टेशन, तपास अधिकाऱ्याचा ऑफिशियल ईमेल किंवा फोन, वादातल्या व्यवहाराची तारीख, रक्कम आणि यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक, आणि लिएन कुठल्या तारखेला किती रकमेचा लावला. तोंडी सांगितलेल्या माहितीवर पुढे काही चालत नाही. ब्रँचमधल्या मुलाला खरंच माहीत नसेल, कारण लिएन बहुतेक वेळा हेड ऑफिसच्या सायबर सेलमधून लागतो आणि ब्रँचच्या स्क्रीनवर एका ओळीचा शेरा येतो एवढंच. तेव्हा त्यालाच सांगा की नोडल ऑफिसला, म्हणजे बँकेत पोलिसांची पत्रं बघणाऱ्या ऑफिसला, मेल टाक आणि मला सीसीमध्ये ठेव. महिनाभर उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पण ती माहिती न दिल्याची करा. लिएन काढा म्हणून तक्रार केलीत तर ते म्हणणार पोलिसांचा विषय आहे.

एक उदाहरण सांगतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. आमच्या ब्रँचला एक खातेदार होते, तालुक्याच्या गावात पंप आणि पाईपचं दुकान. एका माणसाने मोटर घेतली, 18,600 यूपीआयने दिले, टेम्पोत घालून गेला. नऊ दिवसांनी 18,600 चा लिएन. ते आले तेव्हा त्यांच्याकडे रागाशिवाय काहीच नव्हतं. आम्ही तक्रार क्रमांक काढून दिला, तक्रार दुसऱ्या राज्यातली निघाली. त्यांना तिकडे जायचं होतं, मी म्हटलं आधी मेल करा. मेलमध्ये त्यांनी काय जोडलं तर मोटरचं जीएसटी बिल, त्यावर मोटरचा सिरियल नंबर, कंपनीकडून ती मोटर ज्या चलनाने आली ते चलन, त्या दिवशीचं दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवलंय अशी एक ओळ, खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, दुकानाचं लायसन्स आणि आधार. पत्र एक पानाचं, त्यात फक्त वस्तुस्थिती, कुठल्या तारखेला काय विकलं, किती आले, तो माणूस ओळखीचा नाही, त्याचा जो नंबर आमच्याकडे आहे तो हा. त्या नंबरमुळेच तपास अधिकाऱ्याला त्यांचं पत्र कामाचं वाटलं असणार असं माझं मत आहे, कारण तुम्ही पैसे सोडा म्हणताय त्याबरोबर त्याच्या तपासाला एक धागापण देताय.

तीन आठवड्यांनी त्या पोलीस स्टेशनचं ना हरकत पत्र आलं. आणि इथे परत घोळ झाला. पत्र त्यांच्या हातात आलं, ते घेऊन ब्रँचला आले, आणि बँकेने घेतलं नाही. कारण हातात आणलेलं पत्र खरं की खोटं हे बँकेला कळायचा मार्ग नाही, ते पोलिसांच्या सरकारी ईमेलवरून बँकेच्या नोडल ईमेलला यावं लागतं. पुन्हा फोन, पुन्हा विनंती, मग मेल आला, लिएन काढला, आणि तरी वापरायचा बॅलन्स पूर्ण बॅलन्सपेक्षा 18,600 ने कमीच! बघितलं तर एकाच व्यवहारासाठी दोन लिएन होते, एक पोर्टलवरून आपोआप आलेला आणि दुसरा पोलीस स्टेशनच्या वेगळ्या पत्रावरून लावलेला, त्या दिवशी खात्यात भरपूर बॅलन्स होता म्हणून दोन्ही बसले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांचे खरं तर 37,200 अडकले होते. ना हरकत पत्रात फक्त पोर्टलचा क्रमांक होता म्हणून एकच सुटला. दुसऱ्यासाठी त्या पत्राचा जावक क्रमांक घालून परत मेल मागवावा लागला, त्यात आणखी बारा दिवस गेले.

म्हणून ताई, तुमच्या पत्राआधीच बँकेला विचारा की लिएन एक आहे की जास्त, आणि ना हरकत मागताना सगळे क्रमांक, खाते नंबर, रक्कम एकाच पत्रात यायला हवं असं अधिकाऱ्याला नम्रपणे लिहा. खाते नंबरात एक आकडा चुकला तरी बँक परत पाठवते, हे मी स्वतः पाठवलंय, इलाज नसतो.

साड्यांच्या धंद्यात पक्की बिलं नसतात हे मला माहीत आहे. मग तुमच्याकडे जे आहे तेच पुरावा. त्या बाईशी किंवा माणसाशी झालेलं व्हॉट्सऍपवरचं बोलणं, साडीचे पाठवलेले फोटो, पत्ता, कुरिअरची पावती आणि ट्रॅकिंग, तुम्ही व्यापाऱ्याकडून माल घेतल्याचं पेमेंट. चॅट डिलीट करू नका, मोबाईल बदलायचा विचार असेल तर थांबा, आणि स्क्रीनशॉटवर तारीख आणि नंबर दिसेल असे काढा. हाताने लिहिलेली वही असेल तर त्या पानाचा फोटोपण चालतो, पण आता बसून जुन्या तारखेचं बिल बनवू नका. खोटं बिल पकडलं गेलं तर 7,200 चा विषय राहत नाही.

अधिकारी उत्तरच देत नसेल तर त्याच पोर्टलवर राज्यवार नोडल अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्यांची यादी आहे, त्यांना आधीचा मेल जोडून लिहा. आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आलात तर ते रस्ता सांगतील, पण परराज्यातला लिएन ते काढू शकत नाहीत. त्यापुढे कोर्ट. बँक खातं ही मालमत्ता आहे आणि पोलीस ती तपासात रोखू शकतात हे सुप्रीम कोर्टाने 1999 मध्येच महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात मान्य केलंय, त्यामुळे मुळात लिएन लावलाच कसा या मुद्द्यावर वेळ घालवू नका. पण कायद्याने पोलिसांवर बंधनही घातलंय. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 106, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं 102, म्हणतं की अशी मालमत्ता रोखली तर मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवलं पाहिजे. ते कळवलं का, हा प्रश्न वकील विचारतो. मालमत्ता परत मिळण्यासाठी त्या भागातल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि हायकोर्टात रिट हा पर्याय असतोच. केरळ हायकोर्टाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत सांगितलं की वादातली रक्कम रोखा, अख्खं खातं नाही. उद्या तुमचं खातं पूर्ण बंद केलं तर हा मुद्दा अर्जात घाला. पण 7,200 साठी परराज्यात वकील लावायचा म्हटलं तर त्याची फी आणि तुमचं जाणं-येणं यातच रक्कम संपेल, हे आधी मोजा. मी तुमच्या जागी असतो तर मेल, स्मरणपत्र, नोडल अधिकारी हा रस्ता चिकाटीने दोन-तीन महिने चालवला असता आणि खातं फ्रीझ झालं तरच वकिलाकडे गेलो असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आता तुम्हाला फोन येऊ शकतात, मी सायबर सेलमधून बोलतोय, अमुक रक्कम यूपीआयवर टाका, लिएन काढतो. कुठल्याही पोलिसाला लिएन काढायला पैसे लागत नाहीत, असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घेऊन अनफ्रीझ करून देणारे एजंटपण भेटतील, त्यांना आधार आणि चेकबुक देऊन लोक दुसऱ्यांदा फसलेले मी पाहिलेत. तसंच कुणी म्हणालं की मीच तो फसवला गेलेला माणूस, माझे पैसे माझ्या नंबरवर परत टाका म्हणजे तक्रार मागे घेतो, तर तुमचं मन कितीही द्रवलं तरी थेट टाकू नका. त्याला द्यायचेच असतील तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, ते लिएनमधले 7,200 च कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या आदेशाने बँकेमार्फत त्याला जातील. नाहीतर तुम्ही मोकळ्या पैशातून 7,200 दिले आणि लिएनचे 7,200 पण अडकलेलेच राहिले, असं दुप्पट नुकसान होतं.

आणि लिएन निघाल्याचा मेसेज आला की लगेच ऍपमध्ये दोन्ही बॅलन्स सारखे झाले का बघा, ते पोलिसांचं पत्र आणि बँकेचा मेल एका फाईलला लावून ठेवा, कारण त्याच तक्रारीत पुढे कधी दुसऱ्या बँकेकडून किंवा चार्जशीटच्या वेळी विचारणा आली तर तो तक्रार क्रमांक आणि ती तारीख तुमच्याकडे तयार असेल.